टोपावरचं नाव

आमच्या घरात एक पितळेचा टोप आहे. दोन शेर तांदळाचा भात बसेल एवढा. कल्हई गेली की आतून पिवळा पडतो, बाहेरून मात्र चिंचेने घासला की अजून तोंड दिसतं. त्याच्या कडेखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलंय. त्या नावावरून आमच्या घरी एक दिवाळी कशी गेली ते लिहितो. मी चौथी पास माणूस. शुद्धलेखन माझी बायको सुमन बघायची. आता ती नाही, तेव्हा चुका तशाच राहतील. ज्याला खटकतील त्याने सुधारून वाचावं.

लालबागला दुसऱ्या माळ्यावर चौदा नंबरची खोली आमची. खोली म्हणजे एकच, दहा बाय बारा. मोरी कोपऱ्यात, मोरीशेजारी चूल, चुलीवर फळी, फळीवर भांडी, आणि भिंतीत देवांचा कोनाडा. माणसं तीन. बाबा लूमवर विणकर, मी त्याच मिलमध्ये बदली कामगार, आणि आये. माझं लग्न झालं आणि चौथी आली ती सुमन. ती गिरगावातली. तिचे वडील एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, म्हणून त्यांच्या घरात कागद फार. मुलगी सातवी पास. बाबांची आणि त्यांची ओळख मोर्चात झाली. त्या दिवसांत बाबा पाळी सुटली की संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला जायचे, घसा बसवून परत यायचे. एकदा परत आले ते घोषणा आणि सून दोन्ही घेऊनच. आयेला विचारलं नाही. आयेच्या मनात तिच्या भावाची मुलगी होती, गावची, भात लावणारी, तिच्यासारखंच बोलणारी. तिथे ही आली, ‘मी जेवलंय’ऐवजी ‘मी जेवले’ म्हणणारी.

आये भांडणारी बाई नव्हती. भांडली असती तर बरं झालं असतं. ती सुमनशी बोलायचीच नाही. म्हणजे बोलायची, पण माझ्यातून. सुमन दोन हातांवर बसलेली असताना मला सांगायची, “तिका सांग, पाणी इला.” नाव कधी घेतलं नाही. चुलीला हात लावू दिला नाही. भात, आमटी, भाकरी सगळं स्वतः करायची आणि सुमनच्या वाट्याला भांडी. चार महिने सुमनने त्या घरात काय केलं असेल तर भांडी घासली. राख, चिंच, नारळाची शेंडी. सकाळी पहिला भोंगा झाला की मोरीत जी बसायची ती तिसऱ्या भोंग्यापर्यंत. मी तेव्हा मूर्ख होतो. मला वाटायचं, चला, दोघींचं जमतंय, आवाज तरी नाही.

त्या टोपात मात्र भात आये करायची. रोज. टोप उतरवून ठेवला की त्याच्यावर ताट, ताटावर पाणी. वाफेचा वास मला अजून येतो. भाताचा नाही, गरम पितळेचा.

आमच्या चाळीत पोस्टमन वर चढत नसे. मधल्या चौकात उभा राहायचा, डोकं वर करायचा आणि नावं घ्यायचा. ज्याचं नाव, त्याच्या घरातलं कोणीतरी धावत खाली. नाव सगळ्या चाळीला ऐकू जायचं, त्यामुळे कोणाला किती पत्रं येतात ते सगळ्यांना ठाऊक. लग्नानंतर महिन्याभराने असेल, गावाहून काकाचं पत्र आलं, नेहमीप्रमाणे बाबांच्या नावे. मी घेऊन वर आलो. आये सूप पाखडत होती. वर न बघता म्हणाली, “माझ्या नावान कोण पत्र धाडतला? मी मेलंय तरी पत्र ह्येंच्याच नावान जातला.” तक्रार म्हणून नाही, ऊन पडलंय म्हणावं तसं म्हणाली. मी ऐकलं आणि विसरलो. सुमन मोरीत टोप घासत होती. ती विसरली नाही.

दिवाळी आली. लग्नानंतरची पहिली, म्हणजे मुलगी माहेरी जायची आणि मागून जावयाने दिवाळसणाला जायचं. वसुबारसेच्या तीन दिवस आधी तिचा भाऊ न्यायला आला. निघताना सुमनने दोघांना वाकून नमस्कार केला. बाबा म्हणाले, “पोहोचल्यावर पयल्या दिवाळीचा पत्र धाड गो. दोन मैलांवर असलंस तरी धाड. सुनेचा पत्र इला म्हणान चाळीत दाखवतंय.” आयेने डब्यात कडबोळी भरून दिली, डबा माझ्या हातात दिला आणि मला सांगितलं, “तिका सांग, डबो परत हाड.” परत आण, एवढंच.

सुमन गेली आणि घरात भांड्यांचा आवाज बंद झाला. आयेने स्वतः घासायला घेतली, पण तिच्या हाताला सवय राहिली नव्हती. धनत्रयोदशीच्या दुपारी ती टोप घेऊन मोरीत बसली आणि जरा वेळाने म्हणाली, “चकचकीत ठेवल्यान हां.” कोणाला म्हणाली कोणास ठाऊक. घरात मी एकटाच होतो. हे मी पुढे सुमनला सांगायला हवं होतं. साठ वर्षांत सांगायचं राहिलं.

बाबा पहिली पाळी करून साडेतीनला आले. बशीत चहा ओतला. बाहेर गॅलरीत कंदील लागलेले, एका कंदिलावर तर मुंबईसह महाराष्ट्राचा नकाशा कापून चिकटवलेला. तळणाचा वास सगळ्या मजल्यांवर. खालून पोस्टमनचा आवाज आला.

“परब, चौदा नंबर. चंद्रभागाबाई परब.”

आमच्या माळ्यावर परब आम्हीच. पण चंद्रभागाबाई कोण? मी गॅलरीत जाऊन खाली बघितलं. पोस्टमन हातातलं कार्ड हलवून म्हणाला, “हळदकुंकू लावलेलं आहे, शुभ आहे, घेऊन जा लवकर.” मी वळून बाबांना विचारायला गेलो, तर बाबांची बशी तोंडाशी तशीच धरलेली. चहा कडेवरून धोतरावर गळत होता.

शेजारची तानीकाकी दारात येऊन उभी राहिली. काकी आमच्याच गावची, बाबांच्या वयाची. तिने बाबांकडे बघितलं, आयेकडे बघितलं, आणि पदर तोंडाला लावला.

मी खाली जाऊन कार्ड आणलं. चारी कोपऱ्यांना बोटाने हळद आणि त्यावर कुंकू. अक्षर सुमनचं, सुताने ओळंबा लावावा तसं सरळ. पत्ता असा: सौ. चंद्रभागाबाई गणपत परब. गणपत म्हणजे माझे बाबा. खोलीचा नंबर बरोबर, चाळ बरोबर. मी म्हटलं, “बाबा, ही कोण? सुमनने कोणाचं नाव घातलं?”

बाबांनी बशी खाली ठेवली. आये मोरीतून उठली, पदराला हात पुसले आणि चुलीपाशी बसली. “वाच,” म्हणाली.

“पण आये, हे आपलं नव्हे.”

“पत्तो आपलो आसा मां? मग वाच.”

मी वाचलं. वर मध्ये श्री, उजवीकडे गिरगाव. मग “तीर्थस्वरूप सौ. सासूबाई व मामंजी यांच्या चरणी सौ. सुमनचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष. आपल्या आशीर्वादाने मी येथे सुखरूप आहे. आपली सर्वांची प्रकृती उत्तम असेल अशी आशा करते. माझी ही सासरची पहिली दिवाळी, आणि ती आपल्या पायांपासून दूर जात आहे याची रुखरुख वाटते. दीपावलीचे हे दिवस आपणांस सुखसमाधानाचे जावोत. सासूबाई, आपणांस उदंड आयुष्य लाभो आणि आपला हात माझ्या डोक्यावर सदैव राहो, हीच देवाजवळ मागणी...”

तानीकाकी दारातून म्हणाली, “अरे बंद कर रे दत्तू. जाळून टाक तो कागद. सणाच्या दिवशी मेलेल्या बायच्या नावान आयुष्य मागतंत.”

तेव्हा मला कळलं. चोविसाव्या वर्षी कळलं. बाबांचं आयेच्या आधी एक लग्न झालेलं. तिचं नाव चंद्रभागा. लग्नानंतर अकरा महिन्यांत गावी तापाने गेली. तिच्या आईबापांनी लग्नात दिलेली भांडी बाबांच्या घरी राहिली, आणि दोन वर्षांनी आये आली तेव्हा त्याच भांड्यांत तिने भात शिजवायला घेतला. टोपाच्या कडेखाली नाव होतं ते हिचं. मी ते नाव जन्मभर बघितलं होतं आणि कधी वाचलं नव्हतं. भांड्यावर नाव असतंच, भांडं बदलू नये म्हणून. ते वाचायचं असतं हे मला सुचलं नाही. सुमनने वाचलं. चार महिने रोज दोनदा घासताना वाचलं, आणि तिला वाटलं की आपल्याला सासूचं नाव सापडलं. कोणाला विचारलं नाही. विचारणार कोणाला? मला विचारलं असतं तर मी सांगू शकलो नसतो. आईचं नाव मला माहीत नव्हतं. हसू नका. आमच्या चाळीत बायका दत्तूची आई, तानीकाकी, चौदा नंबरवाली अशाच असायच्या. शाळेत घातलं तेव्हा बापाचं नाव लागलं, मिलमध्ये लागलो तेव्हा बापाचं. आईचं कोणी मागितलंच नाही.

बाबा हळू म्हणाले, “पोराक सांगूक होया होता. माजी चूक.”

आयेने गळ्यातली काळी पोत पुढे ओढली. तिच्यात मण्यांबरोबर चांदीचा एक लहान चपटा पत्रा ओवलेला होता, त्यावर बाईची आकृती. मी लहानपणी दूध पिताना तो हातात धरायचो म्हणे. मला वाटायचं देवी आहे. आये म्हणाली, “ही ती. सवतीचो टाक. दुसरेपणाक दिलेल्या बायलेन घालूचो असता. अठ्ठावीस वर्सां ती माझ्या गळ्यात आसा. माका वाचूक येणा नाय, पण टोपावर माझा नाव नाय ह्या माका पयल्या दिवसापासून ठावक आसा.”

“मग कार्ड जाळायचं?” मी विचारलं.

“जाळतंस कित्याक? तिच्या नावान इला, तिका मेळाक होया.”

तिने माझ्या हातातलं कार्ड घेतलं. उलटंसुलटं बघितलं, हळदीच्या ठिपक्यावर बोट फिरवलं. मग देवांच्या कोनाड्यात उभं करून ठेवलं. काकीला म्हणाली, “तू घराक जा गो, तुझी शंकरपाळी करपतत.” काकी गेली. आम्हाला कळलं की आता चाळभर होणार. झालंच. दिवस मावळायच्या आत तीन बायका साखर मागायला आल्या.

दिवे लागायच्या वेळी आयेने कणकेचा दिवा केला. धनत्रयोदशीला यमाच्या नावाने दिवा लावतात, वात दक्षिणेकडे करून. एरवी दक्षिणेकडे दिव्याचं तोंड करत नाहीत, वर्षातून हा एक दिवस. दरवर्षी ती एकच लावायची. त्या दिवशी दोन केले. गॅलरीच्या कठड्याखाली ठेवले, हात जोडले, आत आली. बाबा भिंतीला टेकून बसलेले. आये मला म्हणाली,

“उद्या गिरगावाक जातंस मां? तिका सांग, तिचा तिका पावला. ती पयली, तिचो मान आधी. आता माझा धाड म्हणान सांग.”

मी म्हटलं, “पण आये, तुझं नाव काय?”

“बापाशीक इचार. लग्नात भटान तांदळात लिवलेला तेनीच बघितल्यान.”

बाबांनी मान खाली घातली होती. त्यांनी ते नाव अठ्ठावीस वर्षांत तोंडातून काढलं नसावं. अगो, ऐकलंस काय, एवढ्यावर संसार चाललेला. पेटीच्या तळाशी ठेवलेलं लुगडं काढावं तसं त्यांनी ते काढलं.

“सगुणा,” म्हणाले.

आयेने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. पाठमोरी होती, म्हणून मला चेहरा दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पहिल्या ट्रामने गिरगावला गेलो. डबा बरोबर नव्हता, डबा तिकडेच होता, पण निरोप डब्यापेक्षा जड. सासुरवाडीला माझं काय कौतुक. पाट, रांगोळी, नवीन शर्टाचं कापड. उजाडायच्या आत सुमनच्या आईने उटणं लावलं, दारात कारीट ठेवलं, मी डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडलं आणि त्याचा रस जिभेला लावला. कडू लागतं, लागायलाच पाहिजे. मला वाटलं, आता सांगावं. कडू तोंडाने सांगितलेलं बरं.

फराळ झाल्यावर खिडकीशी सुमनला सांगितलं. टोप, चंद्रभागा, टाक, सगळं.

“मी त्यांना... मी मेलेल्या माणसाला उदंड आयुष्य लिहिलं,” म्हणाली. “अहो, आणि सासूबाईंनी ते बसून ऐकलं?”

“ऐकलं. देवात ठेवलंय.”

“आई मला म्हणाली होती, पत्र सासऱ्यांच्या नावाने घाल, तशीच रीत आहे. मीच शहाणी. मला वाटलं त्यांना बरं वाटेल. आता मी त्या घरात कोणत्या तोंडाने येऊ? चार महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, आता तर चाळ हसत असेल.”

“चाळ हसतेच आहे. ती आणखी कशाला आहे?”

तिची आई फळीवरून डबे काढत होती, ती म्हणाली, “जावईबापू, विहीणबाई रागावल्या असतील हो. आम्ही येऊन पाया पडतो.” मी म्हटलं, “कोणी येऊ नका. आयेने पाया पडायला सांगितलेलं नाही. तिने पत्र मागितलंय.”

मग मी निरोप सांगितला, जसाच्या तसा. तिचा तिका पावला, आता माझा धाड. सुमनने तो दोनदा म्हणायला लावला. मग डोळे पुसले, भावाची दौत मागून घेतली आणि कार्ड काढून बसली. मी शेजारी. चौथी पास माणसाने सातवी पास बायको लिहिताना बघणं हा एक वेगळा दिवाळसण असतो. मी विचारलं, “कार्ड कशाला, पाकीट घाल. झाकून जाईल. पोस्टमन वाचतात.”

“वाचू दे,” ती म्हणाली. “दिवाळीचा नमस्कार झाकायचा नसतो. झाकलं की लोकांना वाटतं आत काही वेगळं आहे.”

मग मला शिकवलं. स्वतःच्या आईबापांना लिहायचं ते तीर्थरूप. सासूसासऱ्यांना, काकामामांना तीर्थस्वरूप, म्हणजे आईबापांसारखे. वडीलधाऱ्यांना नुसत्या शुभेच्छा देऊन मोकळं व्हायचं नसतं, त्यांच्याकडे आशीर्वाद मागायचा. नवऱ्याचं नाव पत्रात घालायचं नाही, ‘इकडची प्रकृती’ असं लिहायचं. मी म्हटलं, “माझी प्रकृती लिही, करंज्या खाऊन पोट दुखतंय.” ती हसली. ते ऐकल्यापासून पहिल्यांदा.

“क्षमा मागू का पत्रात?” तिने विचारलं.

मी विचार केला. म्हटलं, “नको. क्षमा मागितलीस तर ते पत्र पुन्हा त्या दुसरीबद्दल होईल.” माझ्या आयुष्यात मी शहाणं असं फार थोडं बोललो आहे. त्यातलं हे एक, असं सुमन नेहमी म्हणायची.

नाव लिहिताना ती थांबली. “सगुणा की सगुणाबाई?” म्हणाली. मग सौ. सगुणाबाई गणपत परब लिहिलं, हळू, एकेक अक्षर. हळदकुंकवाची कुयरी आणली. चार कोपऱ्यांना आधी हळद, मग कुंकू. आम्ही दोघं जाऊन नाक्यावरच्या पेटीत टाकून आलो. पेटीवर लिहिलेलं होतं की सणामुळे बटवडा उशिरा होईल. सुमन म्हणाली, “म्हणजे मी घरी पोहोचेन आणि पत्र पोहोचणार नाही.”

तसंच झालं. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही लालबागला आलो. जिना चढताना बायका गॅलरीतून बघत होत्या. कोणीतरी म्हणालं, “इली गो, पत्र लिवणारी.” सुमनने खाली बघितलं आणि चढत राहिली. आत गेल्यावर तिने आयेच्या पायावर डोकं ठेवलं आणि डबा पुढे केला. डब्यात तिच्या आईने रिकामा देऊ नये म्हणून चिरोटे भरलेले. आयेने डबा घेतला, उघडला, एक चिरोटा मोडून बघितला. मला विचारलं, “पत्र?”

“टाकलंय. येईल.”

“बरा,” म्हणाली आणि भात टाकायला वळली. सुमन मोरीत गेली. पुन्हा तेच. राख, चिंच, नारळाची शेंडी. मी मिलमध्ये गेलो नाही, त्या दिवशी बदली मिळाली नव्हती. बसून राहिलो. मला वाटलं, झालं, पुढची चाळीस वर्षं हे असंच.

दुपारी चारला खालून आवाज आला.

“परब, चौदा नंबर. सगुणाबाई परब.”

मी उठलो. आये म्हणाली, “बस.” पदर नीट केला, गॅलरीत गेली, कठड्यावर दोन्ही हात ठेवले आणि खाली बघून म्हणाली, “कोणाचा?”

पोस्टमनला वाटलं ऐकू गेलं नाही. त्याने मान वर करून मोठ्याने म्हटलं, “सगुणाबाई गणपत परब.”

चारही माळ्यांना ऐकू गेलं. तानीकाकी शेजारच्या दारात आली. आये तिच्याकडे न बघता म्हणाली, “मी ती.” आणि स्वतः दोन जिने उतरून गेली. माझ्या आठवणीत आये पत्रासाठी खाली गेली ती तेव्हाच. वर आली तेव्हा धाप लागलेली, कार्ड छातीशी धरलेलं. बाबा कामावरून येऊन बसले होते. वाचायला तेही हात पुढे करू लागले, मीही. तिने ते कोणालाच दिलं नाही. मोरीपाशी गेली आणि कार्ड सुमनसमोर धरलं.

“तूच वाच,” म्हणाली. चार महिन्यांत तिने माझ्यातून न जाता सुमनला म्हटलेलं हे पहिलं.

सुमनने हात धुतले, पुसले, आणि स्वतःच लिहिलेलं पत्र वाचायला घेतलं. “तीर्थस्वरूप सौ. सासूबाईंच्या चरणी...” नमस्कार झाला, खुशाली झाली, इकडची प्रकृती झाली. मग आलं, “सासूबाई, आपण दिलेली कडबोळी येथे सर्वांना आवडली. ती कशी केली असे आईने विचारले आणि मला सांगता आले नाही. मला आपल्या हातचे अजून काहीच येत नाही. आपण शिकवाल तर शिकेन. दिवाळीचा हा माझा पहिला नमस्कार स्वीकारावा आणि आशीर्वाद द्यावा. मोठ्यांस नमस्कार, लहानांस गोड पापा. कळावे, लोभ असावा ही विनंती. आपली आज्ञाधारक सून, सौ. सुमन.”

आये ऐकत उभी होती. वाचून झाल्यावर तिने कार्ड घेतलं आणि कोनाड्यात पहिल्या कार्डाच्या शेजारी ठेवलं. दोन्ही कार्डं तिथेच राहिली, धुराने तपकिरी होईपर्यंत. सुमनने ती पुढे आपल्या पेटीत जपली, आणि परवा ती पेटी उघडली तेव्हा मला मिळाली. एकावरची हळद उडाली आहे. दुसऱ्यावरची थोडी आहे.

नातीचा फोन दर दिवाळीला येतो. गोड बोलते पोर. तिलाही मी हे सांगितलं नव्हतं. आता वाचेल.

आये त्या दिवशी कोनाड्यापासून वळली, मोरीतला घासलेला टोप उचलला, पदराने आतून पुसला आणि सुमनच्या हातात दिला.

“सुमन,” म्हणाली, “तांदूळ धू. पाणी मी दाखवतंय किती तां.”

तो टोप आता माझ्याकडे आहे. एकट्याच्या भाताला तो फार मोठा आहे, तळाला चार शितं चिकटतात आणि घासायलाही मीच. तरी त्यातच करतो. पाणी किती ते सुमनने मला दाखवलं होतं, बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत.